बाळाचा डोस खटकतोय? बाटली उघडण्याआधी करायच्या तपासण्या

सिंहगड रस्त्यावर माझं मेडिकल आहे. आजूबाजूला लहान मुलांचे दवाखाने बरेच, त्यामुळे संध्याकाळी सात ते नऊ काउंटरवर बाळांच्याच चिठ्ठ्या असतात. एवढ्या वर्षांत एकच बिघाड पुन्हा पुन्हा हातात आलाय: औषध बरोबर, आजार बरोबर, पण आकडा चुकलेला. कधी टिंब हरवलेलं, कधी मि.ग्रॅ. आणि मि.ली.ची अदलाबदल, कधी वजनच भलतं. चूक दवाखान्यात होते, दुकानात होते आणि घरीही होते. माझ्या हातूनही एक सुटता सुटता राहिली, ती खाली सांगतो.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी बाटली बाजूला ठेवा आणि पुढे वाचा.

- औषध तेच, पण मागच्या वेळेपेक्षा डोस दुप्पट किंवा निम्मा झालाय आणि तसं कोणी सांगितलेलं नाही.
- सांगितल्याप्रमाणे दिलं तर बाटली एक-दोन दिवसांत संपेल असं दिसतंय.
- ड्रॉपरनं द्यायचं औषध चमच्यानं द्यायला सांगितलंय.
- चिठ्ठीवरचं वजन वाचून “एवढं?” असं तोंडातून निघालं.
- भावंडांचे डोस उलटेपालटे वाटतायत, धाकटीला जास्त आणि थोरल्याला कमी.
- चिठ्ठीवरचा आकडा आणि मेडिकलवाल्यानं बाटलीवर पेननं लिहिलेला आकडा जुळत नाही.

आणि एक लक्षण यादीत न बसणारं: आईला काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाही. मी ते आता सगळ्यात वर धरतो. का, ते या उदाहरणात कळेल.

ती चिठ्ठी

चौदा महिन्यांची मुलगी, ताप. छापील चिठ्ठी, म्हणजे अक्षर लावायचा प्रश्न नाही. पॅरासिटामॉल सिरप, ५ मि.ली.मध्ये २५० मि.ग्रॅ.वालं, साडेपाच मि.ली., दिवसातून चार वेळा, तीन दिवस. वर कोपऱ्यात वजन १८.४ किलो.

पॅरासिटामॉलचा हिशोब आम्हा सगळ्यांना पाठ असतो. एका वेळी दर किलोला १० ते १५ मि.ग्रॅ., आणि दिवसाची बेरीज दर किलोला साधारण ६० च्या आत. मी सवयीनं कॅल्क्युलेटरवर मारलं. साडेपाच मि.ली. म्हणजे २७५ मि.ग्रॅ., भागिले १८.४, आलं १५ ला जरा कमी. अगदी पुस्तकातलं उत्तर. मी बाटली पिशवीत टाकली.

मुलीची आई म्हणाली, “काका, मागच्या महिन्यात अडीच होतं. आता साडेपाच कसं?”

“मुलं वाढतात ना ताई,” असं मी म्हणालो. आजही ते आठवलं की कसंतरी होतं. एका महिन्यात मूल दुप्पट कुठून होणार? मग मान वर करून तिच्या कडेवर बघितलं. अठरा किलोचं मूल म्हणजे पाच वर्षांचं, दप्तर घेऊन शाळेत जाणारं. ही तर आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेली, एका हातात मावेल एवढी.

खरं वजन होतं ८.४ किलो. दवाखान्यात काट्यापाशी उभी असलेली सिस्टर आकडा ओरडून सांगते आणि टेबलावर बसलेली मुलगी तो टाइप करते. पावसाळ्यातली गर्दी, चार मुलं रडतायत. “आठ पॉइंट चार” ऐकू आलं “अठरा पॉइंट चार”. पुढचा डोस कॉम्प्युटरनं त्या वजनावर काढून दिला.

८.४ किलोला २७५ मि.ग्रॅ. म्हणजे दर किलोला जवळपास ३३. चार वेळा दिलं तर दिवसाला १३१. पाहिजे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तेही तीन दिवस. पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरला त्रास होतो, आणि पहिल्या दिवशी मूल वरवर ठीक दिसू शकतं. म्हणजे घरी कोणाला कळलंही नसतं.

दहापटीची चूक माणूस पकडतो, कारण ती हास्यास्पद दिसते. पंचवीस मि.ली. औषध बघून आजीसुद्धा हात आखडता घेते. दुपटीची चूक मात्र शहाण्यासारखी दिसते. साडेपाच मि.ली. म्हणजे एक चमचा आणि वर थोडं, त्यात खटकण्यासारखं काय? म्हणून तपासण्या क्रमानं करायच्या. कोणती तपासणी काय पकडते आणि काय सोडते, हेही माहीत असलं पाहिजे.

१. मागची चिठ्ठी शेजारी ठेवा

फुकट, अर्ध्या मिनिटाचं काम. त्याच औषधाचा मागचा डोस काय होता? वर्षाच्या आतलं मूल झपाट्यानं वाढतं, पण तेसुद्धा महिन्या-दीड महिन्यात दुप्पट होत नाही. वर्षानंतर तर वाढ बरीच मंदावते. त्यामुळे औषध तेच, बाटलीची ताकद तीच आणि डोस दुप्पट, तर कारण विचारायलाच हवं.

“ताकद तीच” हे म्हणताना बाटलीकडे बघा. मागच्या वेळी ५ मि.ली.मध्ये १२० मि.ग्रॅ.वालं सिरप असेल आणि आता २५०वालं, तर मि.ली. बदलणारच, जवळपास निम्मे होणार. तसे न होता जसेच्या तसे राहिले असतील, तर तीच चूक आहे.

मागची चिठ्ठी सापडत नाही हे आपल्याकडे नेहमीचंच. फोनमध्ये प्रत्येक चिठ्ठीचा एक फोटो ठेवा. फोटो सपाट कागदाचा घ्या, कारण घडीवर आलेलं टिंब फोटोत हमखास गायब होतं.

२. आकडा मराठीत म्हणून बघा

ही माझी लाडकी तपासणी. चिठ्ठीवर २.५ असेल तर “दोन पॉइंट पाच” म्हणू नका, “अडीच” म्हणा. १.५ ला दीड, १.२५ ला सव्वा, ०.७५ ला पाऊण, ०.५ ला अर्धा. टिंब कागदावर पुसलं जातं, पण “अडीच” या शब्दात पुसण्यासारखं टिंबच नाही. अडीचचे पंचवीस कोणी ऐकत नाही. डॉक्टरांच्या समोर बसलेले असतानाच विचारायचं, “मॅडम, अडीच मिली ना?” त्यांची मान हलली की झालं. मान न हलता त्या पुन्हा चिठ्ठीकडे वळल्या, तर तुम्ही काहीतरी पकडलंय.

टिंब दोन जागी दगा देतं. एक, पूर्ण आकड्यानंतर उगाच लिहिलेलं शून्य: ५.० चं टिंब दिसलं नाही की झाले ५०. दोन, पुढे शून्य नसलेलं टिंब: नुसतं .५ लिहिलं की ते ५ वाचलं जातं. पहिल्यात शून्य लिहायचंच नाही, दुसऱ्यात लिहायचंच, हा आमच्या धंद्यातला जुना नियम आहे आणि तो रोज मोडला जातो. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत आकड्याच्या आसपास शाईचा ठिपका असेल तर ते टिंब आहे की पेन टेकलं होतं, हे तुम्ही ठरवू नका. मीसुद्धा ठरवत नाही.

दुसरी गंमत आपल्याच आकड्यांची. मी पूर्वी बाटलीवर मराठी आकड्यांत लिहायचो. एकदा एका घरी बाळ सांभाळणाऱ्या मावशींनी थोरल्या नातवाला बाटलीवरचं वाचायला सांगितलं. तो इंग्रजी शाळेतला. मराठी ४ त्याला इंग्रजी आठ वाटला. मराठी १ तर इंग्रजी नऊसारखा दिसतोच. तेव्हापासून मी आकडा शब्दात लिहितो, “चार मि.ली.”, आणि कपावर किंवा सिरिंजवर त्या रेषेशी पेननं खूण करून देतो.

आमच्या त्या चिठ्ठीवर ही तपासणी काही पकडत नाही. “साडेपाच” म्हणून बघा, ते साडेपाचच येतं. कारण टिंब जागेवर होतं, चूक दुसरीकडे होती.

३. बाटली किती दिवस पुरेल?

एका वेळचे मि.ली. गुणिले दिवसातल्या वेळा गुणिले दिवस. सिरपची बाटली बहुधा ६० मि.ली.ची असते, ड्रॉप्सची साधारण १५ मि.ली.ची. डॉक्टर तीन-पाच दिवसांचं औषध लिहितात आणि सहसा एक बाटली लिहितात. हिशोबात बाटली पहिल्याच दिवशी संपत असेल तर आकड्यात नक्की गडबड आहे.

ड्रॉप्सचं उदाहरण घ्या. पॅरासिटामॉल ड्रॉप्स, एका मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. सात किलोच्या बाळाला एका वेळी साधारण ७० ते १०० मि.ग्रॅ., म्हणजे पाऊण ते एक मि.ली. आता समजा चिठ्ठीवरचं .७ कोणी ७ वाचलं. सात मि.ली. तीन वेळा म्हणजे २१ मि.ली., आणि बाटली आहे १५ ची. दुसऱ्या डोसालाच तळ दिसायला लागेल. एका वेळी ७०० मि.ग्रॅ., म्हणजे दर किलोला शंभर. गणित न येणाऱ्या माणसालाही बाटलीकडे बघून शंका येईल, म्हणून ही तपासणी मी आजी-आजोबांना आवर्जून शिकवतो.

पण ती फक्त दहापटीला उपयोगी. साडेपाच मि.ली., चार वेळा, तीन दिवस: ६६ मि.ली. बाटली ६० ची. जरा कमी पडेल, एवढंच. अशा वेळी आम्ही सरळ दोन बाटल्या देतो आणि गिऱ्हाईकही काही विचारत नाही.

४. बाटलीवरची ती बारीक ओळ

बाटली फिरवा. मागे ‘ईच ५ एमएल कंटेन्स’ किंवा ‘ईच एमएल कंटेन्स’ अशी ओळ असते. पाच मि.ली.मध्ये की एका मि.ली.मध्ये, हे आधी वाचा. एकाच नावाच्या तापाच्या औषधाच्या तीन बाटल्या घरात असू शकतात: ५ मि.ली.ला १२० मि.ग्रॅ., ५ मि.ली.ला २५० मि.ग्रॅ. आणि १ मि.ली.ला १०० मि.ग्रॅ. खोकी एकाच रंगाची. ड्रॉप्स सिरपपेक्षा पातळ आणि सौम्य असतात असा कित्येकांचा समज असतो. उलटं आहे. १२०वाल्या सिरपच्या एका मि.ली.त २४ मि.ग्रॅ. येतात, ड्रॉप्सच्या एका मि.ली.त १००. चौपटीहून जास्त.

त्यामुळे “पाच मिली दे” असं फोनवर आजोबांना सांगणं धोक्याचं. कुठल्या बाटलीतलं? शिवाय “मिली” म्हणजे मिलिलिटर की मिलिग्रॅम? बोलताना आपण दोन्हीला मिलीच म्हणतो. चिठ्ठीवर १२० मि.ग्रॅ. लिहिलेलं असेल तर ते औषधाचं वजन झालं. ते किती मि.ली.त बसतं हे बाटली ठरवते. म्हणून फोनवर सांगताना बाटलीची ताकद, मि.ली. आणि माप, तिन्ही सांगा: “अडीचशेवाली बाटली, अडीच मिलिलिटर, सिरिंजनं.”

आमच्याकडून होणारी चूकही इथेच आहे, ती लपवत नाही. १२०वालं संपलंय म्हणून दुकानातला पोरगा २५०वालं देतो, “तेच आहे” म्हणतो आणि मि.ली. बदलून सांगायचं राहतं. मूल दुप्पट औषध पितं. बाटली बदलून मिळाली तर तिथेच विचारा, “आता किती मि.ली.?” काउंटरवरच्या पोराला उत्तर देता आलं नाही, तर आत फार्मासिस्ट बसलेला असतो, त्याला बाहेर बोलवा.

मापाबद्दल थोडंच. घरातला चमचा माप नाही, प्रत्येक घरचा वेगळा असतो. बाटलीवरचा कप ५ मि.ली.ला ठीक, अडीचला जेमतेम, त्याखाली निरुपयोगी. छोट्या डोसाला तोंडानं औषध द्यायची सिरिंज मागा. साधी सिरिंज मिळाली तर सुई आणि टोपण दोन्ही बाळाच्या आसपास राहू देऊ नका, टोपण घशात अडकतं. सिरिंजवरच्या बारीक रेषा मोजून बघा. ५ मि.ली.च्या सिरिंजवर दोन रेषांमध्ये बहुतेक वेळा ०.२ मि.ली. असतात, ०.१ नाही. ड्राय सिरप असेल तर पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत आलंच पाहिजे. हलवल्यावर फेस खाली बसला की पुन्हा बघा. पाणी कमी पडलं तर प्रत्येक चमचा जास्त कडक होतो.

५. वजन, आणि तेही गणिताच्या आधी

इथे आमची चिठ्ठी पकडली जाते. मी त्या दिवशी चुकलो ते क्रमात. चिठ्ठीवरचंच वजन घेऊन चिठ्ठीवरचाच डोस तपासला. दोन्ही एकाच चुकीतून आले होते, मग जुळणारच की. वजन वेगळ्या ठिकाणाहून आणल्याशिवाय गणिताला काही अर्थ नाही.

वेगळी ठिकाणं तीन. पहिलं, मुलाची फाइल किंवा अंगणवाडीतून मिळालेलं माता बाल संरक्षण कार्ड. त्यातल्या वाढीच्या रेषेवर शेवटचे दोन-तीन ठिपके बघा. नवा आकडा त्या रेषेतून उडी मारून बाहेर पडतोय का? दुसरं, वयावरचा अंदाज. एक ते सहा वर्षांसाठी वयाची दुप्पट करा आणि त्यात ८ मिळवा. वर्षाचं मूल १० किलो, तीन वर्षांचं १४, पाच वर्षांचं १८. वर्षाच्या आत, तीन महिन्यांनंतर: महिन्यांत ९ मिळवून निम्मे करा, म्हणजे पाच महिन्यांचं बाळ ७ किलो. आपली पुष्कळ मुलं यापेक्षा किलो-दोन किलोनं कमी भरतात आणि तरी ठणठणीत असतात, म्हणून या अंदाजावर डोस काढायचा नाही. फक्त चिठ्ठीवरचं वजन दुसऱ्याच वयाचं तर नाही ना, एवढंच बघायचं. चौदा महिन्यांना अंदाज दहाच्या आसपास येतो. ८.४ त्यात बसतं. १८.४ बसत नाही.

तिसरं ठिकाण घरचा काटा. आधी बाळाला घेऊन उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा. असे काटे अर्धा किलो इकडे तिकडे दाखवतात. आठ की अठरा हे ठरवायला पुरेसं. चार किलोच्या बाळाला मात्र अर्धा किलो म्हणजे फार मोठा फरक, तिथे दवाखान्याचाच काटा.

वजन कुठे कुठे चुकतं याची माझी यादी अनुभवातून झालीय. भावाच्या फाइलमधलं वजन. सहा महिन्यांपूर्वीचं वजन तसंच पुढे आलेलं. वजनाच्या रकान्यात वय. १२ चे २१. परदेशातून सुट्टीला आलेल्या नातवाचं वजन पौंडात: आजोबा सांगतात बावीस, आणि ते प्रत्यक्षात दहा किलो असतं. हा पौंडाचा घोळही पुन्हा दुपटीचाच, म्हणून गप्प बसणारा.

उगाच घाबरायचं कधी नाही, तेही सांगतो. ८.४ च्या जागी ८.८ लिहिलं असेल तर पॅरासिटामॉलचा एक डोस सहा मि.ग्रॅ.नं बदलतो. त्यानं काही होत नाही. त्यासाठी डॉक्टरांना रात्री फोन करू नका.

६. आता गणित

वजन पक्कं झालं, बाटलीची ओळ वाचली, की मग हे:

```
मि.ग्रॅ. = मि.ली. × बाटलीवरचे मि.ग्रॅ. ÷ ५
दर किलो = मि.ग्रॅ. ÷ वजन
```

ड्रॉप्सवर ‘ईच एमएल’ असेल तर पाचनं भागायचं नाही. आमच्या मुलीचं खरं वजन घालून बघा: ५.५ × २५० ÷ ५ = २७५. मग २७५ ÷ ८.४ = ३२.७. पाहिजे १० ते १५. आता चूक उघड दिसते. तेच अडीच मि.ली. घालून बघा: १२५ ÷ ८.४ = १४.९. बसलं.

पॅरासिटामॉलला हे सोपं आहे कारण हिशोब एका वेळचा असतो. अँटिबायोटिकचा हिशोब पुष्कळदा दिवसाचा असतो आणि मग तो दोन किंवा तीन डोसात वाटायचा असतो. दिवसाचा आकडा एका वेळचा समजला की झाला दुप्पट किंवा तिप्पट.

शिवाय अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडच्या ड्राय सिरपवर ४५७ लिहिलेलं असतं. त्यातले अमॉक्सिसिलिन ४०० आणि उरलेले ५७ दुसऱ्या औषधाचे. डॉक्टर डोस सहसा ४०० वर मोजतात. १२ किलोच्या मुलाला या बाटलीचे ५ मि.ली. दोन वेळा म्हणजे दिवसाला दर किलो ६७ मि.ग्रॅ. नेहमीच्या २५ ते ४५ पेक्षा जास्त. ही चूक आहे का? सांगता येत नाही. कान फुटतो अशा काही आजारांत डॉक्टर मुद्दाम ९० पर्यंत देतात. ती बाटली २२८.५ ची लिहायची राहून ४५७ ची लिहिली गेली, असंही असू शकतं. कॅल्क्युलेटर यातलं एकही सांगणार नाही. डॉक्टरांना विचारायचं, बस.

कुठे थांबायचं

गणित जुळलं नाही तर स्वतः डोस कमी करून देऊ नका. मीही देत नाही, मला तो अधिकार नाही. मी फोन लावतो. फोनवर “डोस चुकलाय” म्हणायचं नाही, त्यानं समोरचा माणूस आधी स्वतःची बाजू मांडायला लागतो. आकडे वाचायचे. त्या संध्याकाळी मी म्हणालो, “मॅडम, चौदा महिन्यांची मुलगी, चिठ्ठीवर वजन अठरा पॉइंट चार, माझ्यासमोर आईच्या कडेवर आहे. पॅरासिटामॉल अडीचशेवालं, साडेपाच मि.ली. लिहिलंय.” पलीकडे दोन क्षण शांत. मग, “अहो, आठ चार आहे ते. थांबा, चिठ्ठी बदलून देते.”

डॉक्टरांचा फोन लागत नाही आणि मूल खेळतंय, पाणी पितंय, तर तापाच्या औषधाचा एक डोस तासभर उशिरा गेला तरी चालतं. मूल मलूल आहे, दूध-पाणी घेत नाही किंवा श्वास जोरात चाललाय, तर औषधाचा हिशोब बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर डोस मोजतच बसायचं नाही, थेट दाखवायचं.

काही औषधांना वरची घरगुती तपासणी लावूच नका: फिट्सची, हृदयाची, थायरॉइडची, इन्सुलिन, कॅन्सरची. थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात, मि.ग्रॅ.च्या हजाराव्या भागात, आणि तिथे एका अक्षराची चूक हजारपटीची होते. कमी दिवसांचं जन्मलेलं बाळ, किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेलं मूल, यांचे डोस नेहमीच्या तक्त्यात बसत नाहीत. तिथे शंका आली की सरळ डॉक्टर किंवा फार्मासिस्ट.

आणि चुकीचा डोस पोटात गेलाच असेल तर उलटी करवू नका, लक्षणांची वाट बघू नका. बाटली, चिठ्ठी आणि किती वाजता किती दिलं ते कागदावर लिहून मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. मूल झोपाळलंय, झटके येतायत किंवा श्वासाला त्रास आहे तर १०८. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो, आणि त्या आठ तासांत मूल हसत-खेळत असू शकतं. “आता तर बरी दिसतेय” म्हणून सकाळपर्यंत थांबलेले आई-वडील मी पाहिलेत. बाटलीतलं उरलेलं औषध फेकू नका, किती गेलं ते त्यावरूनच कळतं.

ती मुलगी नंतर दोन वर्षांची झाली, तेव्हा पुन्हा तापात आली होती. चिठ्ठीवर वजन १०.६. आईनं पिशवीतून जुनी चिठ्ठी काढली, दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवल्या आणि मला म्हणाली, “काका, आता तीन मिली लिहिलंय, अडीचशेवालं. बघा बरं.” मी आधी काटा पुढे सरकवला.